तिसऱ्या दिवशी साखर ८४ होती, तरी डोकं का ठणकत होतं?

"मॅडम, सोमवारपासून सोळा तासांचं फास्टिंग सुरू केलंय. रात्री साडेआठला जेवते, मग थेट दुपारी साडेबाराला. मंगळवारपासून कपाळ नुसतं ठणकतंय आणि सकाळी साडेआठला अशी भूक लागते की हात थरथरतील असं वाटतं. संकष्टीला दिवसभर उपास करते तेव्हा कधी डोकं दुखत नाही, मग आत्ताच का? साखर कमी होते का माझी? सोडून देऊ का?"

प्रश्न विचारणाऱ्या ताई पतसंस्थेत नोकरीला आहेत. वय चाळिशीच्या पुढे, मधुमेह नाही, रक्तदाबाची गोळी नाही. त्यांच्या प्रश्नातलं संकष्टीचं वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटलं. उपाशी राहिल्यानेच डोकं दुखत असतं तर संकष्टीलाही दुखायला हवं होतं. म्हणून मी विचारलं, "संकष्टीला चहा घेता का?" त्या हसल्या. "चहा चालतो की उपासाला! उलट दोन जास्तच होतात."

मग त्यांचा जुना दिवस कागदावर मांडला. साडेपाचला उठून मुलांच्या डब्याची तयारी, सहाला पहिला चहा. आठला नवऱ्याबरोबर दुसरा, त्यानंतर साडेआठला पोहे किंवा उपमा. अकराला ऑफिसातला चहा, दीडला जेवण, पाचला पुन्हा चहा, रात्री साडेनऊला जेवण. नव्या दिनक्रमात त्यांनी नाश्ता सोडलाच, पण दूध-साखरेने उपास मोडतो असं कुठेतरी ऐकलं म्हणून सकाळचे तिन्ही चहा बंद केले. "डाएट करायचंच तर नीट करू" म्हणून पाचचाही बंद. चार चहांवरून एकदम शून्यावर.

आपल्या कडक चहाच्या एका कपात साधारण तीस ते पन्नास मिलिग्रॅम कॅफिन जातं. चार कपांचा हिशेब शंभर ते दोनशेच्या घरात येतो. रोज शंभर मिलिग्रॅमची सवय असलेल्या माणसालाही ते अचानक थांबलं की डोकेदुखी होऊ शकते. मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य थकवा आणतं आणि तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतं. अॅडेनोसिन ज्या जागांना चिकटून काम करतं, त्या जागा कॅफिन अडवून बसतं. वर्षानुवर्षं रोज चहा मिळत गेला की मेंदू अशा जागा वाढवून घेतो. चहा बंद झाला की त्या वाढलेल्या सगळ्या जागा अॅडेनोसिनला मोकळ्या मिळतात, रक्तवाहिन्या जास्तच रुंदावतात आणि डोकं भरून येतं, ठणकतं. शेवटच्या कपानंतर साधारण बारा ते चोवीस तासांत हे सुरू होतं, पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि आठवड्याभरात, फार तर नऊ दिवसांत ओसरतं. ताईंचा शेवटचा चहा रविवारी संध्याकाळी पाचचा होता. मंगळवार-बुधवारी दुखणं शिगेला पोचलं, ते या वेळापत्रकाला धरूनच.

साखरेची शंका मात्र त्यांच्या मनातून जाईना. बुधवारी दुपारी बाराला, डोकं दुखत असतानाच, त्यांनी घरून आणलेल्या सासूबाईंच्या ग्लुकोमीटरवर साखर तपासली होती. ८४ आली. अगदी निरोगी आकडा. मधुमेहाची औषधं नसलेल्या माणसाचं यकृत रात्रभर आणि त्यानंतरही बराच वेळ साठवलेल्या ग्लायकोजेनमधून रक्तात साखर सोडत राहतं, शिवाय नवी तयारही करतं. सोळा तासांत साखर सहसा धोक्याच्या पातळीखाली जात नाही. त्याहून पक्का पुरावा त्यांच्याच दिवसात होता. साडेबाराला त्या पोटभर जेवल्या, तरी डोकं दुखतच राहिलं. साखरेमुळे असतं तर जेवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात उतार पडला असता. संध्याकाळी एका सहकाऱ्याच्या वाढदिवसाला आग्रहाचा चहा झाला आणि तासाभरात कपाळ हलकं झालं. "केकमुळे बरं वाटलं असेल," त्या म्हणाल्या. केक त्यांनी खाल्लाच नव्हता, डाएट होतं ना!

इथे एक सांगून ठेवते. डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्ये कॅफिन असतंच. अशी गोळी घेतल्यावर लगेच बरं वाटलं तर "गोळी लागू पडली" असं वाटतं आणि खरं कारण हाती लागत नाही. शिवाय काही वेदनाशामकं रिकाम्या पोटी घेतली की जळजळ होते, मग लोक तीही उपासाच्या खात्यावर मांडतात.

चहा हे मुख्य कारण, पण एकटं नव्हे. ताई खूश होऊन म्हणाल्या होत्या, "तीन दिवसांत सव्वा किलो कमी झालं!" त्यात चरबी थोडी, बहुतेक पाणी. शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. ग्लायकोजेन वापरलं जातं तसं ते पाणी सुटतं. दुसरं म्हणजे, खाणं थांबलं की इन्सुलिन खाली येतं. इन्सुलिन मूत्रपिंडाला सोडियम राखायला सांगत असतं. ते कमी झालं की मूत्रपिंड मीठ सोडतं आणि मिठामागून पाणी जातं. त्यात नाश्त्यातलं मीठ, चार चहांमधलं पाणी आणि "वजनासाठी" म्हणून लोणचं-पापड, सगळंच एका फटक्यात बंद. ओळखायचं कसं? बसल्या जागेवरून पटकन उठलं की क्षणभर अंधारी येणं, लघवी गडद पिवळी होणं आणि डोकं जड वाटणं. ताईंना पहिली दोन्ही लक्षणं होती.

संकष्टीचं कोडं इथे पूर्ण सुटलं. त्या दिवशी चहा चालू असतो, साबुदाणा आणि बटाटा पोटात जात असतो, म्हणजे इन्सुलिन फार खाली जात नाही. शेंगदाण्याच्या आमटीत मीठही भरपूर असतं. नाव उपासाचं, पण शरीराच्या दृष्टीने तो उपास नव्हेच.

आता ती साडेआठची भूक. "किती वेळ टिकते?" असं विचारल्यावर त्या गडबडल्या, त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. "डबा भरताना पोटात कावळे ओरडतात. मग बस पकडायची घाई... ऑफिसात पोचते तेव्हा नसते बहुतेक." म्हणजे काहीही न खाता भूक गेली! पोट रिकामं असणं हेच भुकेचं कारण असतं तर ती दहाला आणखी वाढायला हवी होती.

जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि मेंदूला भूक लागल्याचं कळवतं. ते आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी वाढतं. निरोगी माणसांना ३३ तास उपाशी ठेवून त्यांचं रक्त ठरावीक अंतराने तपासलेला एक प्रयोग आहे. त्यात सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, म्हणजे एरवीच्या जेवणवेळांच्या आसपास घ्रेलिन चढलं आणि काही न खाताच पुन्हा उतरलं. वर्षानुवर्षं साडेआठला पोहे खाणाऱ्या शरीराने साडेआठची तयारी करून ठेवणं साहजिक आहे. त्यात ताई त्याच वेळी मुलांच्या डब्यासाठी कढीपत्ता-मोहरीची फोडणी देत उभ्या. वासानेही भूक चाळवते. जेवणाची वेळ काही दिवस सलग बदलली की घ्रेलिनचा चढही हळूहळू नव्या वेळेकडे सरकतो. सोमवारी उपास, मंगळवारी "आज राहू दे", बुधवारी पुन्हा उपास, असं केलं तर तो सरकत नाही आणि भुकेचा पहिला दिवसच परत परत येत राहतो.

भुकेचं आणखी एक कारण त्यांच्या रात्रीच्या ताटात होतं. साडेआठला त्या नुसतं सूप आणि काकडी घेत होत्या. सोळा तास उपाशी राहायचं आणि आधीचं जेवणही अर्धं करायचं, हे दोन बदल एकाच आठवड्यात करणारे बरेच जण मी पाहते. मला ते मुळीच पटत नाही. मी त्यांना रात्री भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, दही आणि भाजी असं पुरतं जेवायला सांगितलं.

सोडून द्यायला सांगितलं नाही, पण सोळा तास बाजूला ठेवले. पहिले काही दिवस सकाळी साडेदहाला खायचं, जमलं की दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास पुढे. सकाळी सहाला आणि आठला कोरा चहा, बिनसाखरेचा. "कोरा घशाखाली उतरत नाही," म्हणाल्या, म्हणून सुरुवातीला दोन चमचे दूध घाला म्हटलं. तेवढ्याने उपास मोडला की नाही यावर लोक तासन्तास वाद घालतात, मला त्या वादात रस नाही. चहा कमीच करायचा असेल तर दोन-तीन दिवसांनी पाव-पाव कप, एकदम नाही. उठल्यावर दोन पेले पाणी, जेवणात नेहमीइतकं मीठ, दुपारी एक पेला मीठ घातलेलं ताक. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र हा मिठाचा सल्ला आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

डोकं दुसऱ्याच दिवशी शांत झालं, अंधारी दोन-तीन दिवसांत थांबली. भूक सगळ्यात चिवट निघाली. पुढच्या आठवड्यात ती साडेआठला फक्त डोकावून जायची, पण रविवारी घरात पोहे झाले आणि त्यांनीही खाल्ले की सोमवारी पुन्हा जोर करायची.

हे सगळं ज्यांना औषधं नाहीत त्यांच्यासाठी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला उपाशीपोटी घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटलं तर वाट बघायची नाही. साखर तपासायची, ७० च्या खाली असेल किंवा तपासायची सोय नसेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि डॉक्टरांना कळवायचं. अशांनी फास्टिंग सुरू करण्याआधीच औषधांची मात्रा बदलून घ्यावी लागते. अर्धशिशी असणाऱ्यांना जेवण चुकवल्यानेच झटका येऊ शकतो, त्यांना मी लांब उपास सुचवत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, वाढत्या वयाच्या मुलांना आणि खाण्याच्या विकारातून गेलेल्यांनाही नाही. डोकेदुखी दहा दिवसांनंतरही तशीच राहिली, अचानक कधी नव्हे इतकी तीव्र झाली किंवा तिच्याबरोबर बोलणं अडखळलं, दिसायला अंधुक झालं, तर तिचा उपासाशी संबंध जोडत बसू नये, सरळ डॉक्टरांकडे जावं.

ताई पुढे चौदा तासांवरच थांबल्या. साडेबाराच्या सुमाराला काउंटरवर गर्दी असते, डबा उघडायला फुरसत नसते. साडेदहाला ऑफिसात पोचल्या पोचल्या खाणं त्यांना सोयीचं पडतं, आणि अकराचा चहा दूध घातलेला असतो.