परदेशी बिलावरचा विनिमय नफा-तोटा कसा काढायचा?

प्रश्न: बिल १,००० डॉलरचं, त्या दिवशी दर ८३. खात्यात ८२,६५० रुपये आले. म्हणजे ३५० रुपये विनिमय तोटाच ना?

उत्तर: तसंच असेल असं नाही, इथे विनिमयात नफाही झालेला असू शकतो. तो शुल्कांनी गिळला असेल.

पैसे आले त्या दिवशीचा बाजारदर बघा. समजा तो ८४.५० होता. मग १,००० × (८४.५० − ८३) = १,५०० रुपये नफा. दोन्ही दिवसांचा दर एकाच ठिकाणाहून घ्या, नाहीतर आकड्याला अर्थ उरत नाही.

आता बँकेची रेमिटन्स अॅडव्हाइस काढा. समजा तीत दिसलं की मधल्या बँकेने १५ डॉलर कापले (१,२६७.५०), उरलेले ९८५ तुमच्या बँकेने ८४ ने बदलले (५० पैशांचा फरक, म्हणजे ४९२.५०) आणि वर ९० रुपये शुल्क घेतलं. एकूण १,८५०.

८३,००० + १,५०० − १,८५० = ८२,६५०. बेरीज अशी रुपयापर्यंत जुळली नाही, तर एखादी कपात नजरेतून सुटली आहे. बहुतेकदा मधल्या बँकेचीच, कारण ती अनेकदा पासबुकात दिसतच नाही.

ग्राहकाने अर्धेच पैसे दिले असतील, तर हिशेब तेवढ्याच डॉलरवर करा.