ताईला लिहायच्या चिठ्ठीबद्दल

“आई, ताईच्या साखरपुड्याला मी नव्हतो, म्हणून ती नीट बोलत नाहीये. माफीची चिठ्ठी मराठीत कशी लिहू? आणि आता भरपाई तरी कशी करायची?”

बाळा,

साखरपुड्यात भावाच्या हाती असा नेमलेला विधी नसतोच. विहीणबाईंनी ताईला कुंकू लावलं, साडी दिली, साखरेचा पुडा हातात ठेवला, अंगठ्या झाल्या, की कार्यक्रम झाला. तरी पेढे वाटताना तिने एक पेढा डबीत काढून ठेवला. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

म्हणून चिठ्ठीत ‘क्षमस्व’, ‘दिलगीर आहे’ असलं काही नको. ते परक्यांना लिहितात. बहिणीला ‘चुकलं माझं’ म्हणावं. आणि पासपोर्टची मुदत संपल्याचं तू शेवटच्या आठवड्यात पाहिलंस, हे सरळ लिही. कामाचं कारण पुढे केलंस तर ती आणखी दुखावेल. एवढंच पुरे:

“ताई, चुकलं माझं. पासपोर्ट वेळेत बघितला नाही, हा माझाच हलगर्जीपणा. तुझ्या साखरपुड्याला मी नव्हतो याचं मला फार वाईट वाटतंय. लग्नाच्या दहा दिवस आधी येतोय. तुझं एक केळवण मी स्वतः रांधणार. लाजाहोमाला लाह्या मीच घालणार, दुसऱ्या कोणाला सांगू नकोस.”

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. लाजाहोम हा लग्नातला भावाचा खरा मान. होमापाशी ताई ओंजळ धरेल. आधी ओंजळीला तूप लावतात, मग तू साळीच्या लाह्या दोनदा घालायच्या, त्यावर पुन्हा तूप. मग ती ओंजळ अग्नीत रिकामी करते आणि दोघं अग्नीला प्रदक्षिणा घालतात. असं तीनदा. आपल्याकडे असंच करतात. काही घरांत थोडा फरक असतो, तेव्हा गुरुजी सांगतील तसं कर. लाह्या हलक्या असतात, पंख्याने उडतात, म्हणून हात तिच्या ओंजळीला टेकवून घाल. त्याच सुमारास तू नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ असं बजावायला. ती कानपिळी. त्याबद्दल तो तुला कपडे देतो.

भाऊ नसेल तर भावाच्या जागी दुसरा चालतो, अशी शास्त्रातच सोय आहे. चुलत भावाला उभं करायचं का, असं ताईने मला परवा विचारलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

केळवणाला पुरणपोळीचा घाट घालू नकोस, तुला जमणार नाही. मसालेभात, टोमॅटोचं सार आणि तिच्या आवडीचं श्रीखंड कर. चक्का मी आदल्या रात्री टांगून ठेवीन. पानाभोवती रांगोळी मात्र तूच काढ आणि तिला पाटावर बसवून वाढ.

चिठ्ठी हाताने लिही, फोटो काढून पाठव, मूळ कागद येताना घेऊन ये. पण पासपोर्टचा अर्ज आजच कर. तिकीट काढलंस की आधी तिला कळव, मग मला.

तुझी,
आई