एका थालीपिठात प्रोटीन किती, कार्ब किती?

प्रश्न: पोलीस भरतीची तयारी करतो. घरी ज्वारी, गहू, चना डाळीच्या पिठाचं, मेथी-कांदा टाकून थालीपीठ बनते. अ‍ॅपमध्ये एका थालीपिठाचं प्रोटीन कुठे 3 ग्रॅम तर कुठे 9 ग्रॅम दाखवते. नेमकं किती धरू?

उत्तर:

दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण "एक थालीपीठ" हे काही माप नाही. सासऱ्यांची साखर वाढली तेव्हा मला हा हिशेब करावा लागला. त्याच अनुभवावरून सांगते.

आमचं पीठ चक्कीवरून एकत्रच दळून येते, म्हणून धान्य दळायला न्यायच्या आधीच तोलून घेते: दोन भाग ज्वारी, एक भाग गहू, एक भाग चना डाळ. एकदा मिसळलं की पिठाकडे पाहून प्रमाण ओळखता येत नाही. त्या दिवशी परातीत 400 ग्रॅम पीठ घेतलं, म्हणजे 200 ज्वारी, 100 गहू, 100 डाळ. त्यात 100 ग्रॅम कांदा, 100 ग्रॅम निवडलेली मेथी, मूठभर सांभार, तिखट-मीठ आणि 10 ग्रॅम तेलाचं मोहन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यातले आकडे धरले तर प्रोटीन ज्वारीतून 20, गव्हातून साडेदहा, डाळीतून साडेएकवीस आणि भाजीतून पाचेक ग्रॅम येते. सगळं मिळून 57. कार्ब 258 च्या आसपास.

आता तेल. सगळ्यांचा हिशेब इथेच चुकतो, माझाही चुकला होता. एका थालीपिठाला तव्यावर अर्धा छोटा चमचा, म्हणजे जेमतेम सव्वादोन ग्रॅम, असं मी धरत होते. मग तेलाची वाटी चमच्यासकट काट्यावर ठेवली, वजन लिहून ठेवलं आणि दहा थालीपीठं झाल्यावर पुन्हा तोलली. 50 ग्रॅम कमी झालं होतं! थालीपिठाला मधे भोकं पाडतो, त्यात थोडं, कडेनं थोडं, उलटल्यावर परत थोडं. हात सैल असला की चमचा कोण मोजते? मोहन धरून एकूण तेल 60 ग्रॅम झालं, आणि पीठ-भाजीतलं 11 ग्रॅम मिळून फॅट 71.

या सगळ्याच्या कॅलरी जवळपास 1900 होतात. दहानं भागलं तर एका नगाला 190 कॅलरी, साडेपाच ते सहा ग्रॅम प्रोटीन, 26 ग्रॅम कार्ब आणि 7 ग्रॅम फॅट. मोहनही न घालता थालीपीठ नुसतं भाकरीसारखं बिनतेलाचं भाजलं असतं तर 136 कॅलरीतच भागलं असतं.

पण दहानं भागू नका, वजनानं भागा. ओल्या फडक्यावर थापताना पहिला गोळा लहान असतो, आणि शेवटी परातीत उरलेलं सगळं एकातच जाते. माझ्या दहा नगांचं भाजल्यावरचं वजन 780 ग्रॅम भरलं, पण सगळ्यात लहान 62 चं आणि शेवटचं 95 चं. म्हणजे पहिल्यात साडेचार ग्रॅम प्रोटीन, शेवटच्यात जवळपास सात. तुमच्या अ‍ॅपमधली तफावत बरीचशी अशीच येते. तुम्ही एकदा सगळी थालीपीठं मिळून तोला, एकूण आकड्याला त्या वजनानं भागा. माझं एका ग्रॅमला 2.4 कॅलरी आणि 0.07 ग्रॅम प्रोटीन निघालं. नंतर ताटातलं थालीपीठ तोलून गुणायचं. गोळ्याच्या वजनावर हे करू नका, कारण तव्यावर पाणी उडते आणि तेल चढते.

कार्बचा आकडा जुळला नाही तर घाबरू नका. आपल्या तक्त्यात चोथा कार्बमधून वगळलेला असतो, अमेरिकी तक्त्यांत तो धरलेला असतो. या पिठात एका नगामागे पाचेक ग्रॅम चोथा आहे, म्हणून तेच थालीपीठ कुठे 26 दिसते आणि कुठे 31.

थेपला असेल तर लाटून पातळ होतो आणि तेल वरून नुसतं फिरवतात, म्हणून नगाला कमी पडते. पण पीठ बहुतेक गव्हाचंच असते, त्यामुळे डाळीचं प्रोटीन कमी. पद्धत तीच.

आणि प्रोटीनसाठी पिठात डाळ वाढवायचा विचार असेल तर आधी गणित पाहा. 50 ग्रॅम ज्वारीऐवजी 50 ग्रॅम डाळ टाकली तरी एका नगामागे अर्धा-पाऊण ग्रॅमच वाढते, आणि थालीपीठ कडक होते ते वेगळंच. त्यापेक्षा सोबत 150 ग्रॅम घरचं दही घ्या, पाचेक ग्रॅम तिथेच मिळते.