उत्तर बरोबर, प्रश्न चुकीचा

प्रिय,

पुढच्या आठवड्यात तू पहिल्यांदा कॅम्पस ड्राइव्हला पॅनेलवर बसणार, म्हणून तुझे प्रश्न मला तपासायला पाठवलेस, हे बरं केलंस. यादीतला पहिलाच प्रश्न पाहून मी थांबले. पुढचे प्रश्न नंतर बघू. आधी तुला एका मुलाखतकार बाईची गोष्ट सांगते. अशाच एका ड्राइव्हला, अगदी याच प्रश्नावरून घडलेली. नावं मुद्दाम घालत नाही.

ती पॅनेलवरची अनुभवी बाई. सी भाषेवर तिचा हात बसलेला. ड्राइव्ह एका लहान गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात होता. अ‍ॅप्टिट्यूडमधून पुढे आलेली मुलं लायब्ररीच्या बाहेर रांगेत बसलेली, इस्त्रीचे शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या फाइली. प्रत्येकाला चार प्रश्न, प्रत्येकी ५ मार्क, एकूण २० पैकी १२ मिळाले की पुढच्या फेरीत. पहिला प्रश्न वर्षानुवर्षं चालत आलेला होता आणि उत्तरही प्रश्नसंचात छापलेलं होतं:

```c
int i = 5;
printf("%d %d %d", i, i++, ++i);
```

आउटपुट काय येईल? छापील उत्तर `7 6 6`.

सकाळी तिसऱ्या नंबरला एक मुलगा आला. कागदाकडे बघत तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, याचं एकच उत्तर सांगता येणार नाही." तिला वाटलं, येत नाही म्हणून टाळतोय. ती म्हणाली, "तरी एक आकडा सांग." तो म्हणाला, "कंपायलरवर अवलंबून आहे, मॅडम." ती म्हणाली, "इंटरव्ह्यूमध्ये असं चालत नाही, काहीतरी एक सांग." मुलगा गोंधळला. त्याने `5 5 7` लिहिलं, खोडलं, मग पेन खाली ठेवलं. तिने १ मार्क दिला आणि शेऱ्यात लिहिलं: बेसिक्स कच्चे. पुढच्या दोन प्रश्नांना तो अडखळतच बोलला.

दुपारी एक मुलगी आली. प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत तिने `7 6 6` सांगितलं. ५ पैकी ५. मुलाखतकार बाईने सहज विचारलं, "का गं?" मुलगी म्हणाली, "उजवीकडून डावीकडे सोडवायचं, मॅडम." "पण उजवीकडूनच का?" मुलगी जरा घाबरून म्हणाली, "तसंच असतं, मॅडम. आमच्या लॅबमध्ये तसंच येतं."

हे मुलाखतकार बाईला खटकलं. मुलीने काही चूक केली नव्हती. पण तिला येत होतं ते त्या लॅबमधल्या कंपायलरचं वागणं, भाषेचा नियम नव्हे. आणि सकाळचा मुलगा नेमकं हेच सांगत होता.

जेवणाच्या सुट्टीत तिने लॅपटॉप उघडला आणि तो तुकडा चालवून पाहिला. gcc या कंपायलरने `7 6 7` दाखवलं. clang या दुसऱ्या कंपायलरने `5 5 7`. छापील उत्तर दोन्हीकडे आलंच नाही. मग तिने `gcc -Wall` लावून पुन्हा कंपाइल केलं, तेव्हा ही वॉर्निंग आली:

```
operation on 'i' may be undefined [-Wsequence-point]
```

इथे नेमकं काय होतं, ते तुला नीट माहीत हवं. फंक्शनला दिलेली आर्ग्युमेंट्स कोणत्या क्रमाने सोडवायची, हे सी भाषा ठरवून देत नाही. कंपायलर उजवीकडून येऊ शकतो, डावीकडूनही. आर्ग्युमेंट्सच्या मधला स्वल्पविराम क्रम बांधून देत नाही, म्हणजे तो सिक्वेन्स पॉइंट नाही. आणि दोन सिक्वेन्स पॉइंटच्या मध्ये एकाच व्हेरिएबलची किंमत दोनदा बदलली, इथे एकदा `i++` ने आणि एकदा `++i` ने, तर त्याला भाषेने अर्थच दिलेला नाही. याला अनडिफाइन्ड बिहेवियर म्हणतात. १९८९ च्या पहिल्या प्रमाणापासून हा नियम आहे, पुढच्या आवृत्त्यांत फक्त शब्द बदलले. `7 6 6` हे उत्तर टर्बो सी या जुन्या कंपायलरचं. आपल्याकडच्या कॉलेजांत टर्बो सी इतकी वर्षं शिकवलं गेलं, की त्याची सवयच लोकांना नियम वाटू लागली आणि तीच प्रश्नसंचांत छापून आली.

म्हणजे त्या प्रश्नाने सी येतं की नाही हे मोजलंच नव्हतं. कोणाच्या लॅबमध्ये काय बसवलंय आणि कोणी कोणता प्रश्नसंच पाठ केलाय, एवढंच मोजलं होतं. ज्याने भाषा खरोखर वाचली होती, त्यालाच ५ पैकी १ मार्क मिळाला.

आता इथून पुढचा भाग मला तुला जास्त सांगायचाय, कारण चूक लक्षात येण्यापेक्षा ती कशी निस्तरायची हे अवघड असतं. तिच्या मनात पहिला विचार आला तो त्या मुलाच्या कागदावरचा १ खोडून ५ करायचा. तिने तो केला नाही, आणि ते योग्यच केलं. हाच प्रश्न तिने त्या दिवशी अकरा जणांना विचारला होता. एकाचेच मार्क वाढवले असते, तर अन्यायाची फक्त जागा बदलली असती.

ती आधी पॅनेल लीडकडे गेली. यादी अजून टीपीओकडे, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरकडे, गेली नव्हती, संध्याकाळी सहाला जायची होती. एचआरच्या माणसाला ते झंझट वाटलं. "एका प्रश्नाने काय होतंय? आणि पोरांना कळलं तर कंपनीची काय शोभा राहील?" असं तो म्हणाला. ती म्हणाली, "काय होतंय ते आकड्यांत बघू."

तिने अकराही स्कोअरशीट पसरल्या आणि पहिला प्रश्न सगळ्यांसाठी रद्द धरला. आता १५ पैकी ९ वर पास, प्रमाण तेच, ६० टक्के. बहुतेकांचा निकाल तसाच राहिला. त्या मुलाचे मार्क होते १, ३, २, ४, म्हणजे २० पैकी १०, नापास. पहिला प्रश्न काढल्यावर १५ पैकी ९, पास. त्या मुलीचे ५, २, ३, २, म्हणजे २० पैकी १२, पास. काढल्यावर १५ पैकी ७, नापास. आणखी एका मुलाने पहिल्या प्रश्नाला भलताच आकडा सांगून शून्य घेतलं होतं. तो १५ पैकी ८ वर येऊन एका मार्काने हुकत होता.

एचआरचा माणूस म्हणाला, "झालं तर मग, नव्या बेरजेने यादी करा." ती नाही म्हणाली, आणि तिच्या कारणांकडे तू लक्ष दे. प्रश्न रद्द केला तरी त्याने केलेलं नुकसान रद्द होत नाही. त्या मुलाच्या स्कोअरशीटवर ते उघड दिसत होतं: पहिल्या प्रश्नावर दटावल्यानंतर ३, मग २, आणि शेवटी सावरल्यावर ४. त्याचे मधले मार्क किती खरे, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. उलट बाजूने, त्या मुलीने पहिलाच प्रश्न सोडवला म्हणून तिला पुढे जरा सोपं गेलं असेल का, तेही सांगता येत नव्हतं. प्रश्न निवडताना मुलीचा काही संबंध नव्हता, मग तिला न विचारता खाली का ढकलायचं? बेरीज नवी असली तरी ती त्याच बिघडलेल्या मुलाखतीतून आलेली होती.

म्हणून तिने मागितलं ते असं. निकाल बदलणारे दोघं आणि एका मार्काने हुकणारा तिसरा, तिघांची पुन्हा मुलाखत. ती तिने स्वतः घ्यायची नाही, कारण ती आता मुलाच्या बाजूने झुकलेली असणार. दुसऱ्या टेबलावरच्या माणसाने घ्यायची. त्याला जुने मार्क दाखवायचे नाहीत आणि कोणावर अन्याय झाला तेही सांगायचं नाही. पॅनेल लीडला हे पटलं. यादी दुसऱ्या दिवशी सकाळवर गेली.

मुलाला बोलावून ती काय म्हणाली, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. "सकाळी तुला विचारलेला पहिला प्रश्न चुकीचा होता. त्याला एकच उत्तर नाही, हे तुझं म्हणणं बरोबर होतं. मी तुला आकडा सांगायला भाग पाडलं, ते मी करायला नको होतं. तो प्रश्न सगळ्यांसाठी रद्द केलाय. तुझी पुन्हा मुलाखत होईल, दुसरे सर घेतील. निकालाचं मी काही सांगू शकत नाही." 'थोडा गैरसमज झाला' असं ती म्हणाली नाही, आणि 'तुला अजून एक चान्स देतोय' असंही नाही. पहिल्या वाक्यात चूक कोणाची हे कळत नाही, दुसऱ्यात तर मुलालाच उपकार घ्यावे लागतात. बाकी दोघांनाही तिने प्रश्न रद्द झाल्याचं स्वतः सांगितलं. मुलीला हेही सांगितलं, की तुझ्या उत्तराला चूक म्हणत नाही, प्रश्नच विचारण्यासारखा नव्हता.

तिघांना पॉइंटरवर नवा प्रश्न आला. मुलगा पास झाला. मुलीने कागदावर चौकोन आणि बाण काढून तो सोडवला आणि तीही पास झाली. तिसरा नाही झाला. त्यालाही तिनेच सांगितलं, कुठे अडलं ते दाखवून.

मग तिने प्रश्नसंचातला तो प्रश्न काढून टाकला. पण तो विषय तिला सोडायचा नव्हता, कारण कामात अशा ओळी खरोखर समोर येतात. आता ती तोच कोडचा तुकडा आणि त्याखाली `-Wall` ची वॉर्निंग कागदावर देते आणि विचारते: कंपायलर काय सांगतोय, आणि तुला `i` आधी वाढवायचा असेल तर हे कसं लिहिशील? ज्याला नियम माहीत नाही तोही वॉर्निंग वाचून विचार करू शकतो, आणि ज्याला माहीत आहे त्याला बोलायला जागा मिळते. दोन ओळींत वेगळं लिहिलेलं उत्तर कोणत्याही कंपायलरवर एकच येतं, म्हणून मार्क देतानाही वाद राहत नाही.

तुझ्या यादीतला पहिला प्रश्न तू आता काढशीलच. उरलेल्यांपैकी चौथाही बघ: `a[i] = i++` मध्ये हीच अडचण दुसऱ्या कपड्यांत आहे, `i` एकीकडे वाचला जातोय आणि दुसरीकडे बदलतोय. सगळे प्रश्न gcc आणि clang दोन्हींवर `-Wall` लावून चालव, आणि प्रत्येकापुढे छापील उत्तराशिवाय आणखी कोणतं उत्तर तू बरोबर धरशील तेही लिही. गुरुवारपर्यंत पाठव, म्हणजे ड्राइव्हच्या आधी आपल्याला एकदा बोलता येईल.

तुझी,
ताई