घरी सांगताना तारीख आधी सांग

बंगळूरच्या नोकरीची ऑफर ॲक्सेप्ट केलीयेस ना, मग घरी "जाऊ का?" असं विचारूच नकोस, कारण बाबा नाही म्हणाले तर होकाराचा मेल आधीच गेलाय हे तुला सांगावं लागेल आणि मग भांडण नोकरीवरून नाही, लपवल्यावरून होतं. सरळ सांग, "बंगळूरची नोकरी घेतलीये, एक तारखेला जॉइनिंग आहे." आणि आत्याला किंवा ताईला आधी सांगू नकोस हां, आईला दुसरीकडून कळलं की संपलंच.

पहिला प्रश्न पगाराचा नसतो, राहणार कुठे आणि जेवणार काय हा असतो. म्हणून पीजीचा पत्ता, भाडं, डिपॉझिट आधी काढून ठेव. कोल्हापूरहून रात्रीची स्लीपर धरली की सकाळी बंगळूर, हेही सांग, अंतर एकदम कमी वाटतं. बाबा गप्प बसले तर लगेच समजावत बसू नकोस, दोन दिवस जाऊ दे, मग स्वतःच विचारतील बॅगा किती नेणार. आजीच्या गोळ्या, लाइट बिल असं जे तू बघायचास ते आता कोण बघणार हे मात्र तूच काढ, त्यांच्या तोंडून यायची वाट बघू नकोस. आणि "दर महिन्याला येईन" असलं काही बोलू नकोस, प्रोबेशनमध्ये सुट्ट्या मिळत नाहीत फारशा, गणपतीला नक्की येतो म्हण.