मी बाहेर असताना घरमालक फ्लॅटमध्ये येऊन गेले

"सर, मी चार दिवस गावाला गेले होते तेव्हा मालक स्वतःच्या चावीने आत येऊन गेले. म्हणतात लीव्ह अँड लायसन्स आहे, ताबा माझाच आहे, मी कधीही येऊ शकतो. खरंच येऊ शकतात का?"

नाही, कधीही नाही येऊ शकत. पण मालक म्हणतात त्यात अर्धं खरं आहे आणि तिथेच भाडेकरू अडकतात. लीव्ह अँड लायसन्समध्ये कायद्याच्या नजरेत ताबा मालकाकडेच राहतो, तुम्हाला फक्त राहायची, वापरायची परवानगी मिळते, हे बरोबर. मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम २८ पाहणीबद्दलच आहे आणि ते नुसत्या भाडेकरूला नाही, लायसन्सवर राहणाऱ्यालाही लागू आहे. मालकाला जागा बघायचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. म्हणजे "ताबा माझा" हे मान्य केलं तरी "न सांगता आलो" याला उत्तर होत नाही.

सूचना किती तास आधी, हे त्या कलमात लिहिलेलं नाही. व्हॉट्सॲपवर २४ तासांचा जो मेसेज फिरतो तो केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातला आहे, आणि तो नावाप्रमाणे नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे मालकाला तो फॉरवर्ड करू नका, उगाच वाद वाढतो. त्यापेक्षा आपला करार काढा.

अशीच एक केस माझ्याकडे आली होती. त्या ताई बाहेरगावी आणि मालकांनी त्यांना बाथरूमच्या छताचा फोटो पाठवला, "लीकेज बघून आलो" म्हणून. फोटोवरूनच कळलं की आत येऊन गेलेत. ताई प्रचंड चिडलेल्या, थेट पोलिसात जायचं म्हणत होत्या. मी आधी विचारलं की काही गेलंय का, कपाटं उघडलेली आहेत का. तसं काही नव्हतं. मग पोलिसांत फार काही होणार नव्हतं, कारण गुन्हेगारी अतिक्रमणासाठी नुसतं आत येणं पुरत नाही, गुन्हा करायचा किंवा धमकावायचा, अपमान करायचा, त्रास द्यायचा हेतू दिसावा लागतो आणि लीकेजचा फोटो स्वतःच पाठवणाऱ्या माणसाचा हेतू दाखवणार कसा? वस्तू गेली असेल, किंवा नको म्हणून लेखी सांगूनही माणूस परत परत येत असेल, तर गोष्ट वेगळी.

करार वाचला तर पाहणीचं कलम त्यात होतंच, "पूर्वसूचना देऊन, सोयीच्या वेळी". बहुतेकांच्या करारात असतं, सही करताना कोणी वाचत नाही एवढंच. मग मेसेज लिहिला, फोन नाही, मेसेज, कारण फोनवरचं बोलणं नंतर कोणी कबूल करत नाही. "काका, तुम्ही अमुक तारखेला मी नसताना फ्लॅटमध्ये आलात, फोटो मिळाला. करारातल्या पाहणीच्या कलमाप्रमाणे आधी कळवायला हवं होतं. यापुढे किमान एक दिवस आधी मेसेज करा. लीकेजसाठी रविवारी सकाळी प्लंबर आणा, मी घरी आहे." शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं, दुरुस्तीला तुम्ही अडवताय असं उद्या म्हणायला जागा राहू नये. काकांनी आधी दोन तिखट मेसेज टाकले, मग प्लंबर रविवारीच आला.

ताईंना कुलूपही बदलायचं होतं. करारात कुलूप किंवा फिटिंग बदलायला मनाई आहे का ते आधी बघा. नसेल तरी मालकाला कळवून बदला आणि जुनं कुलूप जपून ठेवा, सोडताना परत बसवता येतं. त्यांनी दुसरी चावी सीलबंद पाकिटात दोघांना चालेल अशा शेजाऱ्यांकडे ठेवली. गुपचूप बदलू नका, पाईप फुटला आणि कोणालाच आत जाता आलं नाही तर खालच्या मजल्याचं नुकसान तुमच्या गळ्यात पडू शकतं.

आग, गॅसचा वास, पाणी वाहतंय अशा वेळी सूचनेची वाट कोणी बघत नाही आणि बघूही नये. तेव्हा मालकाने फोन लावायचा, सोबत कोणीतरी साक्षीदार घ्यायचा, काम झालं की लगेच कळवायचं. छतावरचा जुना ओलसर डाग मात्र यात बसत नाही.

तुमच्या बाबतीत मालक कशासाठी आले होते ते तुम्ही लिहिलं नाहीये. ते मेसेजवरच विचारा आणि उत्तर काय येतं ते मला कळवा, पुढची भाषा किती कडक ठेवायची ते त्यावर ठरेल.