सहकारी अचानक गेल्यावर टीमला काय लिहायचं आणि काय नाही

प्रश्न: आमच्या सात जणांच्या अकाउंट्स टीममधला एक सहकारी काल अचानक नोकरी सोडून गेला. कारण मला माहीत आहे, पण सांगू शकत नाही. टीमला मेल लिहायचा आहे. किती सांगायचं आणि त्याची कामं कोण बघणार हे कसं लिहायचं?

मी पुण्याजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात अकाउंट्स विभाग सांभाळते. असा मेल मला आजवर तीनदा लिहावा लागला आणि पहिल्यांदा मी तो फार चुकीचा लिहिला. ती चूक आधी सांगते, कारण बाकी जे सांगणार आहे ते मी तिच्यातूनच शिकले.

आमच्याकडे जीएसटी, पीएफ आणि पुरवठादारांची देणी बघणारा सहकारी महिन्याच्या ८ तारखेला राजीनामा देऊन गेला. व्यवस्थापनाने त्याला त्याच संध्याकाळी मोकळं केलं. रात्री मी मेल टाकला: "काही अपरिहार्य कारणांमुळे त्यांना तडकाफडकी जावं लागलं आहे. याविषयी कोणीही चर्चा करू नये. त्यांची कामं सर्वांनी मिळून सांभाळावीत." मला वाटलं, मी काहीच उघड केलेलं नाही. पण अकाउंट्समधला माणूस, 'अपरिहार्य', 'तडकाफडकी' आणि 'चर्चा करू नये' हे सगळं एकत्र वाचलं की लोक एकच अर्थ काढतात, पैशांची अफरातफर. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत स्टोअर्समध्ये रक्कमसुद्धा ठरली होती. खऱ्या कारणाचा पैशाशी काडीचाही संबंध नव्हता. ते काय होतं हे मी इथेही सांगणार नाही.

दुसरी चूक 'सर्वांनी मिळून' ही होती. ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा असतो. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी भरतोय. १२ला दुपारी लक्षात आलं की कोणीच भरलेला नाही. पोर्टलचा पासवर्ड फक्त त्यालाच माहीत होता. तो बदलायला गेलो तर ओटीपी पोर्टलवर नोंदवलेल्या मोबाइलवर जातो, आणि सोयीसाठी म्हणून आम्ही कधीकाळी तिथे त्याचाच नंबर दिलेला होता. फोन केला, तर तो उचलेना. माझ्या मेलचा स्क्रीनशॉट त्याच्यापर्यंत पहिल्याच रात्री पोहोचला होता. आमचे एक जुने सहकारी १५ तारखेला त्याच्या घरी जाऊन बोलले, मी त्याची माफी मागितली, आणि १६ला रिटर्न गेलं. तोवर १४ तारखेला ग्राहकांची जीएसटीआर-२बी तयार होऊन गेली होती आणि तीत आमची बिलंच नव्हती. दोन मोठ्या ग्राहकांनी आमच्या बिलांमधली जीएसटीची रक्कम पुढच्या महिन्यापर्यंत रोखून धरली.

म्हणून पहिली गोष्ट. मेल लिहिताना तो गेलेला माणूसही वाचणार आहे असं धरूनच लिहा, कारण तो वाचतोच. आणि पाठवण्याआधी शक्य असेल तर त्याला एक फोन करा. कारणाबद्दल काही बोलू नका. फक्त दोन गोष्टी विचारा: टीमला मी अमुक दोन ओळी लिहितोय, चालतील ना? आणि कोणाला तुमच्याशी बोलायचं असेल तर नंबर द्यायचा का? 'नको' म्हणाला तर नको. हा फोन पाच मिनिटांचा असतो, पण पुढे ओटीपी लागला, एखाद्या फाइलचा पत्ता लागेना, तर त्याचा उपयोग होतो. (व्यवस्थापनाने संपर्क करू नका असं सांगितलं असेल, तर अर्थातच करू नका. मग एचआरमार्फत विचारा.)

आता कारणाचं. माझा नियम आहे की कारणाचा उल्लेखच करायचा नाही, 'वैयक्तिक कारणास्तव' असाही नाही. ऐकायला हे निरुपद्रवी वाटतं, पण तुम्ही ते एकासाठी लिहिलंत आणि दुसऱ्यासाठी नाही, तर दुसऱ्याबद्दल काहीतरी आपोआप सांगून बसता. चांगल्या नोकरीसाठी गेलेल्यांचं कारण आनंदाने जाहीर करणाऱ्या ऑफिसात हेच होतं. तिथे ज्याचं कारण लिहिलेलं नाही, तो संशयित ठरतो. म्हणून कोणीही जावो, कशामुळेही जावो, ओळ तीच ठेवायची: शेवटचा दिवस कोणता, आणि इथे त्यांनी किती वर्षं कोणतं काम केलं. कौतुकाची विशेषणंही या मेलमध्ये नकोत. निरोपाचं काय ते वेगळं करा, कारण पुढच्या वेळी ती विशेषणं लिहिता आली नाहीत तर लोकांच्या ते लगेच नजरेत भरतं.

काही बाबतींत तर गप्प बसणं हे कायद्यानेच बंधनकारक आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याचं कलम १६ तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, ज्याच्यावर आरोप आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख, चौकशी आणि झालेली कारवाई, यातलं काहीही जाहीर करायला मनाई करतं. अशा प्रकरणात नाव न घेता केलेला इशाराही सात जणांच्या टीममध्ये ओळख पटवायला पुरेसा असतो. आर्थिक गैरव्यवहाराचा संशय असेल तरी, चौकशी संपलेली नसताना लिहिलेलं वाक्य पुढे बदनामीच्या तक्रारीत पुरावा म्हणून समोर येऊ शकतं. तुमचं प्रकरण यातलं आहे की नाही हे मला माहीत नाही, आणि तुमच्या टीमलाही मेलवरून ते कळता कामा नये. सगळ्यांसाठी एकच ओळ ठेवण्याचा फायदा हाच.

शब्द निवडतानाही जपा. 'ते आता आपल्यात नाहीत' किंवा 'ते आपल्याला सोडून गेले' हे मराठीत कोणाबद्दल म्हणतात ते आपल्याला माहीत आहे, तरी घाईत इंग्रजी मेलचं मराठी करताना हेच लिहिलं जातं. आमच्या दुसऱ्या शाखेत असा मेल गेला होता, आणि एका काकांनी घाबरून थेट त्या मुलीच्या आईला फोन केला. 'कंपनीतला शेवटचा दिवस' हे शब्द सरळ आहेत, तेच वापरा.

मेलचा मोठा भाग मात्र कामाचा असायला हवा. कारण कळलं नाही तरी लोक सांभाळून घेतात. पण माझ्यावर किती भार येणार आहे हे कळलं नाही, तर तीच अस्वस्थता कारणाच्या चर्चेत बाहेर पडते. प्रत्येक कामापुढे एकच नाव, तारीख, आणि ही व्यवस्था कधीपर्यंत, हे तिन्ही लिहा. आणि जो जास्तीचं काम घेतो त्याचं कोणतं काम थांबवलं आहे, हेही त्याच मेलमध्ये सगळ्यांसमोर लिहा. मी दुसऱ्या वेळी लिहिलेला मेल असा होता, नावांच्या जागी अक्षरं घातली आहेत:

"नमस्कार. क यांचा कंपनीतला शेवटचा दिवस काल, ८ तारखेला, होता. चार वर्षं त्यांनी जीएसटी, पीएफ आणि पुरवठादारांची देणी सांभाळली. आजपासून महिनाअखेरपर्यंत ही कामं अशी होतील. जीएसटीआर-१ (११ तारीख) आणि ३बी (२० तारीख) ख तयार करतील, मी तपासेन. पीएफचं चलन (१५ तारीख) ग भरतील. पुरवठादारांची देणी घ बँकेत टाकतील, १२ तारखेपासून दोन दिवस ग टाकतील, मंजुरी नेहमीप्रमाणे माझी. लघुउद्योगांची बिलं ४५ दिवसांच्या मुदतीत बसतील अशी आधी घ्यावीत. ख यांच्याकडचं मालमत्ता नोंदवहीचं काम या महिन्यापुरतं थांबवलं आहे. तुमचे प्रवासखर्चाचे क्लेम १० ऐवजी २५ तारखेला मिळतील. बाहेरून कोणी विचारलं तर 'क आता कंपनीत नाहीत, त्यांचं काम ख बघतात' एवढंच सांगावं. शंका असेल तर आज ४ ते ५ मी जागेवर आहे."

यात देण्यांची रांग मी स्वतःकडे घेतली नाही, हे मुद्दाम आहे. अचानक मोकळी झालेली जागा साहेबांनीच भरून काढायची ही आपली सवय असते, पण बँकेत नोंद करणारा आणि मंजूर करणारा एकच झाला, तर ज्या आठवड्यात सगळ्यांचं लक्ष उडालेलं असतं नेमका त्याच आठवड्यात तपासणारा उरत नाही. याच कारणासाठी बँकेचा ताळमेळ कधीही 'थांबवलेल्या' कामांत टाकू नका. उलट तो गेलेल्या माणसाच्या शेवटच्या महिन्यासाठी दुसऱ्याकडून पुन्हा करून घ्या, आणि ते मेलमध्ये लिहू नका, नाहीतर पुन्हा संशयाचा वास येतो. बँकेतला त्यांचा यूजर बंद करणं, कपाटातलं डिजिटल सहीचं टोकन मोजून ताब्यात घेणं, पोर्टलवरचा मोबाइल नंबर बदलणं, हीसुद्धा न लिहिता त्याच दिवशी करायची कामं. नंबर बदलायचा तर पोर्टलमध्ये शिरता येत असताना बदला.

मेल पाठवण्याआधी ख, ग आणि घ यांना एकेकटं बोलावून सांगा. स्वतःवर आलेलं काम सगळ्यांबरोबर मेलमध्ये वाचायला मिळालं की माणूस दुखावतो. माझ्या घ ने तेव्हाच सांगितलं होतं की १२ तारखेला त्याच्या मुलीचं ऑपरेशन आहे. मग त्या दोन दिवसांपुरती देणी ग कडे दिली. हे मेलनंतर कळलं असतं तर दुसरा मेल लिहावा लागला असता.

आणि ४ ते ५ मध्ये लोक येतातच. पहिला प्रश्न "नक्की काय झालं?" हाच असतो. मी म्हणते, "ते मी सांगणार नाही. उद्या तुझ्याबद्दल कोणी विचारलं तरी मी सांगणार नाही." हे ऐकल्यावर बहुतेक जण दुसरा प्रश्न विचारतात, "मॅडम, त्यांना फोन केला तर चालेल का?" चालेल म्हणा. मैत्रीवर कंपनीचा हक्क नसतो. फक्त कामाचं काही विचारायचं असेल तर ते तुमच्यामार्फतच विचारायला सांगा, नाहीतर प्रत्येक जण वेगळा फोन करतो.

महिना संपला की शेवटच्या दिवशी दोन ओळींचा मेल पुन्हा टाका: व्यवस्था पुढे चालू आहे की नवीन माणूस येतोय, आणि थांबवलेलं काम कधी सुरू होणार. माझा तो मेल एकदा राहून गेला. ख पुढचे तीन महिने, कोणी न सांगता, दोन माणसांचं काम करत राहिली.